शून्य लावायचं की नाही?

फोन तोच, सिमकार्ड तेच, नंबरही तोच, आणि तरी ॲप सांगतं की या नंबरचं खातं आमच्याकडे नाही. किंवा ओटीपी पाठवला आहे असं सांगतं आणि तो काही केल्या येत नाही. माणूस आधी नेटवर्कला बोल लावतो, मग फोन बंद करून चालू करतो, मग ॲप काढून पुन्हा टाकतो. खातं कंपनीच्या संगणकात सुखरूप असतं. फक्त ते ज्या आकड्यांखाली ठेवलेलं आहे ते आकडे आणि आपण आत्ता टाइप केलेले आकडे यांत एका शून्याचा किंवा देशाच्या कोडचा फरक पडलेला असतो.

लॉगिनच्या तक्रारी निस्तरणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या प्रकारच्या तक्रारीत ग्राहकाची चूक जवळपास कधीच नसते. तरी ओशाळतो तोच. म्हणून आत नेमकं काय घडतं ते एका प्रकरणातून सविस्तर सांगतो.

कोल्हापूरची एक मुलगी नर्स म्हणून लेस्टरला नोकरीला गेली. घरी पैसे पाठवण्यासाठी तिने तिथलं एक ॲप घेतलं. तिचा खरा नंबर इथे देणार नाही. त्याऐवजी 07700 900123 असा धरू. ब्रिटनची दूरसंचार नियामक संस्था ऑफकॉम हिने 07700 900000 ते 07700 900999 हे हजार नंबर मालिका आणि नाटकांत दाखवण्यासाठी बाजूला ठेवले आहेत, ते कुणाही ग्राहकाला दिले जात नाहीत.

खातं उघडताना पडद्यावर दोन चौकटी होत्या. डावीकडच्या चौकटीत +44 हा ब्रिटनचा कोड आधीच भरलेला होता, उजवीकडची रिकामी होती. तिने उजवीकडे 07700 900123 असं लिहिलं. ब्रिटनमध्ये सगळे आपला नंबर शून्यापासूनच सांगतात, दुकानाच्या पाटीवरही तो तसाच असतो, तेव्हा दुसरं काही लिहिण्याचं तिला कारणच नव्हतं. ॲपने दोन्ही चौकटींतला मजकूर एकापुढे एक जोडला आणि +4407700900123 असा नंबर तयार झाला. जगात असा नंबर नाही, कारण +44 लावल्यावर पुढचं शून्य काढायचं असतं. पण ओटीपी आला! एसएमएस पोचवण्याचं काम ॲपची कंपनी स्वतः करत नाही, ते मधल्या गेटवे कंपनीकडे असतं. काही गेटवे असं जादा शून्य दिसलं की ते मुकाट्याने काढून टाकतात आणि संदेश योग्य फोनवर पाठवतात. काही गेटवे नंबर चुकीचा म्हणून परत करतात. इथला गेटवे समजूतदार निघाला आणि त्यामुळेच चूक लपली. संदेश पोचला, ओटीपी जुळला, आणि खात्यात मात्र शून्यासकट नंबर नोंदला गेला.

पुढे जवळजवळ दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. लॉगिनच्या पडद्यावरही तीच दोन चौकटींची रचना होती, ती तिथेही शून्य लावूनच नंबर लिहायची, आणि चुकीच्या नोंदीशी तितकीच चुकीची नोंद बरोबर जुळायची. मग ॲपची नवी आवृत्ती आली. नव्या पडद्यामागच्या प्रोग्रॅमरने नंबर नीट करून घेण्याची सोय केली, म्हणजे शून्य लिहिलं तरी ते काढून +447700900123 असा शुद्ध नंबर तयार व्हावा. काम चांगलंच होतं. पण जुन्या ग्राहकांच्या नोंदी तपासून दुरुस्त करायचं राहून गेलं. त्या दिवसापासून तिचं खातं सापडेना.

हे चार नंबर पाहा:

```
+447700900123
+4407700900123
07700900123
7700900123
```

लेस्टरमधल्या कुणालाही दाखवले तर तो सांगेल की हा एकच नंबर चार तऱ्हांनी लिहिलाय. संगणकाच्या लेखी ही अक्षरांची चार वेगळी ओळी आहेत. खातं शोधताना तो पहिल्या अक्षराशी पहिलं, दुसऱ्याशी दुसरं असं पडताळत जातो आणि एक जरी जुळलं नाही तरी ‘सापडलं नाही’ असं उत्तर देतो. नंबरचा अर्थ त्याला कळत नाही. तो कळेल अशी व्यवस्था प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने करायची असते.

आता शून्याकडे वळू. हे शून्य मुळात आपल्या नंबरचा भाग नाही, ती टेलिफोन एक्स्चेंजला दिलेली सूचना आहे. पूर्वी परगावी फोन लावायचा तर ऑपरेटरकडे कॉल नोंदवून वाट पाहावी लागे. ग्राहकाने स्वतः थेट परगावचा नंबर फिरवायची सोय, म्हणजे आपली एसटीडी, ब्रिटनमध्ये १९५८ साली ब्रिस्टलहून सुरू झाली. भारतात ती १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये आली. एक्स्चेंजच्या यंत्राला हा कॉल गावातलाच की बाहेरचा हे पहिल्याच आकड्यावरून कळणं गरजेचं होतं. म्हणून बाहेरच्या कॉलच्या आधी शून्य. मुंबईचा 022, पुण्याचा 020, नागपूरचा 0712 हे सगळे या शून्यामुळे तसे दिसतात. परदेशातून पुण्याला फोन लावणारा माणूस +91 नंतर थेट 20 लावतो, कारण भारतातल्या एक्स्चेंजला ‘गावाबाहेर जा’ असं सांगायची त्याला गरजच उरत नाही.

मोबाइलला गाव नाही, तरी शून्याने त्याचा पिच्छा सोडला नाही. आपल्याकडे एके काळी दुसऱ्या राज्यातल्या मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावं लागे, आणि लोकांनी फोनबुकात नंबर तसेच साठवले. पुढे ती गरज संपली. मग १५ जानेवारी २०२१ पासून नवा नियम आला की लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन करताना शून्य लावायचंच. पुढच्या काळासाठी नवे नंबर मोकळे व्हावेत म्हणून केलेली ती व्यवस्था होती. त्यामुळे दवाखान्याच्या फाइलवर, किराणा दुकानाच्या पिशवीवर, लग्नपत्रिकेवर आजही शून्यासकट मोबाइल नंबर छापलेले दिसतात. त्यात गैर काही नाही. फोन लावायला ते चालतात, लॉगिनला मात्र अडतात.

अधिकचं चिन्हसुद्धा असंच सूचनेचं आहे. देशाबाहेर फोन लावण्यासाठी भारतात आधी 00 दाबतात, अमेरिकेत 011 दाबतात. सगळ्या देशांची ही किल्ली एकच नसल्याने लिहिताना सगळ्यांसाठी + वापरायचं ठरलं. मोबाइलवर शून्याचं बटण दाबून धरलं की ते उमटतं. पुढे देशाचा कोड आणि त्यापुढे शून्याविना नंबर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या ई.१६४ या मानकात नंबरची ही रचना ठरवलेली आहे, आणि देशाच्या कोडसकट जास्तीत जास्त पंधरा आकडे अशी तिची मर्यादा आहे. लॉगिनसाठी नंबर साठवायचा तर याच रूपात साठवावा, हे या क्षेत्रात आता सर्वमान्य आहे.

लेस्टरला परत जाऊ, कारण तिथे पुढे जे झालं ते अधिक त्रासाचं होतं. ॲपला तो नंबर सापडला नाही, पण ॲपने तसं सांगितलं नाही. फक्त ओटीपीवर चालणाऱ्या बऱ्याच ॲपांत लॉगिन आणि नवं खातं यांचा दरवाजा एकच असतो: नंबर ओळखीचा असेल तर आत घ्यायचं, नसेल तर नवा ग्राहक समजून खातं उघडायचं. तिला ओटीपी आला, तिने तो भरला, आणि पडद्याने तिचं स्वागत करून नाव विचारलं. तिला वाटलं, नव्या आवृत्तीत माहिती पुन्हा मागत असतील. तिने नाव भरलं, पत्ता भरला. आत गेल्यावर आईबाबांचं बँक खातं यादीत नाही, आधी पाठवलेल्या पैशांची एकही नोंद नाही. ओळखपत्र मागितलं म्हणून पासपोर्टचा फोटो दिला, तर उत्तर आलं की हा पासपोर्ट आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे. ते दुसरं खातंही तिचंच होतं.

आता एकाच माणसाची दोन खाती झाली. जुन्यात सगळा इतिहास, पण त्यात शिरता येत नाही. नव्यात शिरता येतं, पण ते रिकामं. जुन्या खात्याचा नंबर शुद्ध करायला गेलं तर यंत्रणा म्हणते की +447700900123 हा नंबर वापरात आहे, कारण तो नव्या खात्याने घेतला. म्हणून असं खातं सोडवताना क्रम महत्त्वाचा असतो. आधी रिकामं खातं बंद करून नंबर मोकळा करायचा आणि मग तो जुन्या खात्यावर लावायचा. हे ग्राहकाला स्वतः करता येत नाही, कंपनीच्या माणसालाच करावं लागतं. तिच्या बाबतीत गाडी पुढे सरकली ती पैसे पाठवल्याच्या जुन्या ईमेल पावतीमुळे. पावतीवर तिचा नंबर +44 0 असा सुरू होत होता. ते एक शून्य पाहिलं आणि शोध कुठे घ्यायचा हे कळलं.

ज्या ॲपवर आपलं खातं नक्की आहे ते ओटीपी घेतल्यानंतर नाव, जन्मतारीख किंवा पत्ता नव्याने विचारू लागलं तर तिथेच थांबावं. काहीही भरू नये, मागे यावं आणि नंबर कसा लिहिला गेला ते पाहावं. नव्या खात्यात माहिती जितकी कमी भरलेली असेल तितकं ते बंद करणं सोपं जातं. त्या रिकाम्या खात्यातून पैशांचा एखादा व्यवहार झाला की मात्र काम फार किचकट होतं.

काही ठिकाणी याच्या उलट होतं. नंबर सापडला नाही तरी ‘ओटीपी पाठवला आहे’ असंच पडद्यावर दिसतं. ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, कारण कुणी हजारो नंबर टाकून कोणाचं खातं इथे आहे आणि कोणाचं नाही याची यादी काढू नये. हेतू रास्त आहे. पण प्रामाणिक ग्राहक न पाठवलेल्या ओटीपीची वाट पाहत बसतो. बाकीचे एसएमएस येत आहेत, दुसऱ्या ॲपचा ओटीपी क्षणात येतोय, आणि याच एका ठिकाणचा येत नाही, असं असेल तर नेटवर्कपेक्षा नंबरच्या रूपाचा संशय आधी घ्यावा.

भारतातल्या ॲपांत देश निवडायची चौकट बहुधा नसतेच, दहा आकड्यांची एकच चौकट असते. त्यामुळे इथे शून्याचा घोळ कमी व्हायला हवा, पण प्रत्यक्षात एक निराळाच घोळ होतो. आपण हाताने दहा आकडे टाइप करतो तेव्हा काही बिघडत नाही. बिघडतं ते फोनबुकातून किंवा व्हॉट्सॲपवरून नंबर कॉपी करून चिकटवताना, किंवा फोनने स्वतःहून सुचवलेला नंबर स्वीकारताना. तो नंबर बहुतेक वेळा +91 सकट येतो. उदाहरणासाठी सगळेच वापरतात तो 98765 43210 हा नंबर घेऊ. +91 98765 43210 असं चिकटवल्यावर चौकटीमागचा प्रोग्रॅम अधिकचं चिन्ह आणि मोकळी जागा काढतो, बारा आकडे उरतात, आणि चौकट दहाचीच असल्याने तो पहिले दहा ठेवून शेवटचे दोन टाकून देतो. राहतात ते 91 आणि आपल्या नंबरचे पहिले आठ आकडे.

हा कापलेला नंबर दिसायला अगदी खरा असतो. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी असतात आणि ते 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतात. या नंबरातही दहा आकडे आहेत आणि सुरुवात 9 ने आहे. तपासणीतून तो बिनबोभाट पार होतो आणि ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. शून्यासकट नंबर चिकटवला तर शेवटचा एकच आकडा कापला जातो, पण मग सुरुवात शून्याने होत असल्याने निदान ‘नंबर चुकीचा आहे’ अशी सूचना मिळण्याची शक्यता असते. +91 च्या बाबतीत तीही मिळत नाही.

लॉगिनच्या वेळी असं झालं तर फार तर ओटीपी येत नाही. पण खातं उघडताना असं झालं आणि त्या ॲपने पासवर्डवर काम भागवून नंबरची खातरजमाच केली नाही, तर आपलं खातं परक्या माणसाच्या नंबरवर नोंदलं जातं. पुढे कधी त्या माणसाने आपला नंबर टाकून ‘पासवर्ड विसरलो’ म्हटलं तर ओटीपी त्याला मिळेल आणि खातं आपलं उघडेल. त्याने काहीही वावगं केलेलं नसताना.

हे ओळखायची खूण सोपी आहे. ओटीपीच्या पडद्यावर बहुतेक ॲप नंबरचे शेवटचे तीन-चार आकडे दाखवतात. आपल्या उदाहरणात तिथे 3210 दिसायला हवं; 5432 दिसलं तर शेवटचे दोन आकडे कापले गेले आहेत. ओटीपीची वाट पाहण्याआधी त्या चार आकड्यांवर नजर टाकायची सवय मी माझ्या घरातल्या सगळ्यांना लावली आहे.

काही प्रोग्रॅमर हा घोळ टाळायला सुरुवातीचे 91 सरसकट काढून टाकतात. त्यासाठी अशी एक ओळ लिहिलेली मी अनेकदा पाहिली आहे:

```
phone.replace(/^(\+91|91|0)/, "")
```

अर्थ असा की सुरुवातीला +91, 91 किंवा 0 असेल तर ते पुसून टाक. बहुसंख्य लोकांचं काम यात होतं. पण भारतात ज्यांचा दहा आकडी नंबरच 91 ने सुरू होतो असे असंख्य लोक आहेत. त्यांनी आपला नंबर अगदी बरोबर, दहा आकड्यांत लिहिला तरी ही ओळ त्यातले पहिले दोन आकडे खाऊन टाकते आणि आठच शिल्लक ठेवते. मग पडदा सांगतो, ‘कृपया दहा आकडी नंबर लिहा’. त्या माणसाने किती वेळा मोजून पाहायचं? तो +91 लावून, म्हणजे एकूण बारा आकडे लिहून पाहतो आणि तेव्हा कुठे आत जातो. आकडे आधी मोजावेत, बारा असतील आणि सुरुवात 91 ने असेल तरच ते दोन काढावेत, हा नियम इतका साधा आहे की तो न पाळल्याचा राग येतो.

देशाच्या चौकटीत चूक झाली तर ती लवकर ध्यानात येईल असं वाटतं, पण भारत आणि अमेरिका यांच्यात तसं होत नाही. दोन्हीकडे नंबर दहा आकडीच. मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या बाबांनी भारतातलं ॲप उघडलं, ॲपने इंटरनेटच्या पत्त्यावरून देश ओळखून डावीकडे +1 भरून ठेवलं, आणि बाबांनी नेहमीचे दहा आकडे लिहिले. आकड्यांची संख्या बरोबर, म्हणून पडदा तक्रार करत नाही. भारतातल्या नंबरला आता अमेरिकेचा कोड लागला आहे आणि बाबांच्या सिमवर ओटीपी येण्याची शक्यता शून्य आहे. माणूस कुठे उभा आहे यावरून त्याच्या नंबरचा देश ठरत नाही, हे ॲप बनवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं. आपण मात्र प्रवासात असताना डावीकडची ती छोटी चौकट आधी पाहावी.

कोड मुळीच न लिहिता नुसतं अधिकचं चिन्ह लागलं तरी नंबर भलत्याच देशात जातो. 98 ने सुरू होणाऱ्या आपल्या दहा आकड्यांपुढे + लावलं की यंत्रणा 98 हा देशाचा कोड समजते, आणि तो इराणचा आहे. 94 ने सुरू होणारा नंबर श्रीलंकेचा होतो. व्हॉट्सॲपची `wa.me` लिंक बनवताना छोट्या दुकानदारांकडून हेच होतं. त्या लिंकमध्ये नंबर देशाच्या कोडने सुरू व्हावा लागतो आणि त्यात +, शून्य किंवा मोकळी जागा चालत नाही. म्हणजे 91 आणि पुढे सलग दहा आकडे. नुसते दहा आकडे टाकले की गिऱ्हाइकाला नंबर सापडत नाही.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग सुरुवातीचं शून्य नेहमीच काढून टाकावं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, संयुक्त अरब अमिराती इथे ते चालेल. दुबईतला 050 ने सुरू होणारा नंबर +971 50 असाच लिहितात. पण इटलीत नाही. तिथे १९९८ मध्ये लँडलाइनचं शून्य नंबरातच समाविष्ट केलं गेलं, त्यामुळे रोमचा 06 हा परदेशातूनही +39 06 असाच लावावा लागतो. आणि तिथले मोबाइल नंबर 3 ने सुरू होतात, त्यांना शून्य नाहीच. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टने २०२१ मध्ये आठ आकड्यांवरून दहा आकड्यांवर जाताना मोबाइल नंबरांच्या सुरुवातीला 01, 05, 07 असे जोड दिले. तिथेही शून्य काढलं तर नंबर मोडतो. अमेरिकेत आणि सिंगापूरमध्ये असं शून्य मुळातच नाही. प्रत्येक देशाचे नियम असे वेगळे असल्याने ते स्वतः लिहीत बसण्यात अर्थ नसतो. गूगलने सर्वांसाठी खुली केलेली `libphonenumber` नावाची प्रणाली हेच काम करते. तिला लिहिलेला नंबर आणि देश द्यायचा, ती ई.१६४ च्या रूपातला नंबर देते. लेस्टरच्या प्रकरणात नव्या पडद्यामागे अशीच व्यवस्था होती. उणीव एवढीच की ती लॉगिनला बसवली आणि जुन्या नोंदींवरून फिरवली नाही.

कधी कधी खातं आपण उघडलेलंच नसतं. शाळा, सोसायटी, क्लास, दवाखाना यांनी आपली नावं आणि नंबर एक्सेलमध्ये भरून ती फाइल ॲपवाल्यांना दिलेली असते. एक्सेलला ती आकड्यांची रक्कम वाटते. रकमेच्या पुढच्या शून्याला किंमत नाही म्हणून ते शून्य पुसतं, + निघून जातं, आणि 91 सकट बारा आकडे झाले तर रकान्यात 9.19877E+11 असं काहीतरी दिसू लागतं. तशीच ती फाइल सीएसव्ही म्हणून साठवली तर उरलेले आकडे कायमचे जातात. असं झालेल्या खात्यात कुठल्याही रूपात नंबर लिहून शिरता येत नाही, कारण आत नंबरच उरलेला नाही. शाळेच्या ॲपमध्ये एकट्या तुमचंच नाही तर वर्गातल्या बऱ्याच पालकांचं लॉगिन अडलं असेल, तर शाळेच्या ऑफिसात ती फाइल उघडून पाहायला सांगावी. फाइल भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घेतला की हे टळतं.

मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. कीबोर्डवरून ९८७६५ असे देवनागरी आकडे उमटले तर काही चौकटी ते आकडे मानतच नाहीत आणि नंबर रिकामा आहे असं सांगतात. तिथे कीबोर्ड बदलून इंग्रजी आकडे लिहावे लागतात. मराठीत ॲप दाखवायचं आणि मराठी आकडे नाकारायचे, हे बरोबर नाही.

अडकलात तर एवढं करून पाहा. चिकटवू नका, हाताने टाइप करा. देशाची वेगळी चौकट असेल तर कोड तिथे निवडा आणि पुढे शून्याविना नंबर लिहा. तरी खातं सापडलं नाही तर एकदा शून्य लावून पाहा. जुन्या धाटणीच्या ॲपमध्ये तुमची नोंद शून्यासकट असू शकते आणि तुम्ही आत जाल. आत गेल्यावर प्रोफाइलमध्ये नंबर कसा दिसतो ते पाहा आणि तिथूनच तो बदलून शुद्ध करता येत असेल तर करून टाका. पण ‘नाव सांगा’ असा पडदा आला तर वर म्हटल्याप्रमाणे माघारी फिरा. सारखे प्रयत्नही करू नका. ठरावीक वेळा ओटीपी मागितला की बरीच ॲपं काही काळ त्या नंबरला दार बंद करतात आणि मग बरोबर लिहिलेला नंबरही अडतो.

ग्राहक सेवेला ‘लॉगिन होत नाही’ एवढंच सांगितलं तर पलीकडून ॲप अपडेट करा, नेट तपासा हीच यादी वाचली जाते. त्याऐवजी असं लिहा: ‘माझं खातं अमुक साली उघडलं. तेव्हा नंबर शून्यासकट किंवा देशाच्या कोडसकट नोंदला गेला असावा. कृपया माझ्या नंबरच्या शेवटच्या दहा आकड्यांवरून शोध घ्या आणि त्या आकड्यांची एकापेक्षा जास्त खाती दिसतात का ते पाहा.’ सोबत जुनी पावती किंवा खात्याशी जोडलेला ईमेल द्या. ओटीपी मात्र कुणालाही सांगायचा नाही. नोंद दुरुस्त करायला कंपनीच्या माणसाला तो लागत नाही, आणि कुणी मागितला तर बोलणं तिथेच थांबवा. शेवटच्या आकड्यांवरून शोधणं त्यांच्याकडे एका ओळीचं काम असतं. त्या शोधात दोन नोंदी सापडल्या की पुढचं कोडं त्यांचं त्यांनाच उलगडतं.